चोवीस स्लॉटची पेटी

मिस्त्रींची बदली मंठ्याच्या गोदामावर झाली ती माझ्या एका वाक्यामुळे. ते वाक्य खोटं आहे हे त्या दिवशी फक्त मला पक्कं माहीत होतं.

नवीन जालन्यात, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, आमच्या बियाणे कंपनीचं ऑफिस आहे. तिथले कॉम्प्युटर, नेटवर्क आणि सर्व्हर माझ्याकडे. मी मूळचा जाफराबाद तालुक्यातला. घरी कापूस आणि सोयाबीन. संभाजीनगरला शिकलो आणि नोकरीला परत जालन्यातच आलो. मिस्त्री म्हणजे आमच्या ऑफिसचे इलेक्ट्रिशियन. पन्नाशी उलटलेले, खिशात कायम टेस्टर आणि कानामागे पेन्सिल. त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणायचे, साहेबसुद्धा. लाइट कधी गेली, जनरेटर कधी लागला, लाइट परत कधी आली, हे ते एका रजिस्टरमध्ये मिनिटासकट लिहायचे. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांची सवय होती.

कापसाच्या संशोधनाचं काम एका मॅडमकडे होतं. त्यांची निवृत्ती दीड वर्षावर आली होती. मंठा रोडला कंपनीचा ट्रायलचा प्लॉट आहे. तिथे त्यांनी कापसाचं एक वाण बरीच वर्षं धरून ठेवलं होतं. रस शोषणारे तुडतुडे पडले की बाकीच्या वाणांची पानं कडेने पिवळी पडून मुडपतात. या वाणाची पानं सरळ राहायची. हे डोळ्यांनी दिसतं, पण वाणं निवडणाऱ्या कमिटीपुढे डोळे चालत नाहीत, पुरावा लागतो. म्हणून त्या वर्षी मॅडमनी ठरवलं की प्रत्येक ओळीचे, ठरावीक झाडांचे, ठरावीक पानांचे फोटो दर चार दिवसांनी काढायचे, पात्या, म्हणजे कळ्या, लागल्यापासून बोंडं फुटेपर्यंत. ड्रोनचे फोटो वेगळे. जून सरत आला तेव्हा त्या माझ्या खोलीत आल्या.

"किती जागा लागेल सांगता येत नाही," त्या म्हणाल्या, "पण भरपूर लागेल."

आमच्या सर्व्हरला पुढून बारा स्लॉट. बाराही भरलेले. आत जुन्या हंगामांचा आणि प्रयोगशाळेचा डेटा, जागा जवळपास संपलेली. नवीन सर्व्हर घ्यायचा की आहे त्यालाच बाहेरून डिस्क जोडायच्या, असा प्रश्न होता. मी संभाजीनगरच्या एका पुरवठादाराला फोन केला. त्यांनी त्यांचे एक जुने इंजिनिअर पाठवले. पांढरी दाढी, सौम्य बोलणं. पूर्वी टेलिफोन खात्यात होते, मग या धंद्यात आले.

त्यांनी सर्व्हर उघडून पाहिला आणि म्हणाले, "नवा सर्व्हर कशाला घेता? याच्यात अजून दम आहे. जेबॉड लावा."

जेबॉड म्हणजे नुसती डिस्कची पेटी. आत प्रोसेसर नाही, मेमरी नाही, स्वतःची अक्कल काही नाही. चोवीस स्लॉट, दोन पॉवर सप्लाय, पंखे, आणि मागे एक मॉड्यूल; त्या मॉड्यूलवर एक्सपांडर नावाची चिप. सर्व्हरमध्ये बाहेर तोंड असलेलं सॅस कार्ड बसवायचं (सॅस ही सर्व्हरच्या डिस्क जोडायची पद्धत), तिथून एक जाड केबल पेटीला, की पेटीतल्या डिस्क सर्व्हरला स्वतःच्याच असल्यासारख्या दिसतात. पुढे ही पेटी भरली तर हिच्याच मागे दुसरी जोडता येते.

"एक्सपांडरला आमच्या जुन्या एक्सचेंजसारखं समजा," ते म्हणाले. "केबलमध्ये चार लाइनी. पलीकडे चोवीस गिऱ्हाईक. ज्याला बोलायचं त्याला एक्सचेंज लाइन जोडून देतं, बोलणं झालं की सोडतं."

इथपर्यंत मला सगळं माहीत होतं आणि ते मी त्यांना जाणवूनही दिलं. वाद झाला तो डिस्कवरून.

त्यांचं म्हणणं होतं, डिस्क सॅसच्या घ्या आणि पेटीत दोन मॉड्यूल टाका. मी म्हणालो, सर्व्हरमध्ये साटाच्या, म्हणजे साध्या स्वस्त जोडणीच्या, डिस्क इतकी वर्षं चालतात, इथे काय अडचण? साटाची डिस्क सॅसच्या स्लॉटमध्ये बराबर बसते. उलटं चालत नाही, पण हे चालतं.

"बसते ना," ते म्हणाले. "बसण्यात फरक नाही. आतली तबकडी, मोटर तीच असते कैकदा. फरक आहे तो बोलण्यात. सॅसच्या डिस्कला दोन तोंडं. एक मॉड्यूल गेलं, एक केबल निघाली, तरी दुसऱ्या वाटेनं चालू राहते. साटाला तोंड एकच. तिच्यासाठी दुसरं मॉड्यूल असून नसल्यासारखं. आणि साटा सॅसची भाषा बोलत न्हाई. एक्सपांडर तिचं बोलणं गुंडाळून पुढं पाठवतो. सगळं ठीक असलं तर ठीक. पण एखादी डिस्क खराब जागेवर अडकली ना, तर गप्प बसते. मंग कार्ड तिला उठवायला जातं, आणि उठवता उठवता कधी शेजारच्यांनाही हलवून टाकतं."

"असं किती वेळा होतं?"

"रोज होत न्हाई. पण एकदाच व्हावं लागतं."

सॅसच्या डिस्क यायला महिना लागणार होता. तिकडे पात्या लागायला महिनाही उरला नव्हता. ते म्हणाले, निदान साटातल्या सर्व्हरसाठी बनवलेल्या घ्या. त्या अडकल्या तर काही सेकंदांत 'जमलं नाही' म्हणून सांगून मोकळ्या होतात. साध्या, घरच्या कॉम्प्युटरच्या डिस्क तेच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचत मिनिट मिनिट बसतात. सर्व्हरसाठीच्या त्या साटा डिस्क आठवड्याभरात आल्या असत्या.

मी आठवडाही थांबलो नाही. आज मागे वळून पाहतो तेव्हा घाई हे कारण पुरेसं वाटत नाही. मॅडमनी विचारलं होतं, "जमेल ना?" आणि मी "बिलकुल" म्हणून बसलो होतो. शिवाय त्या म्हाताऱ्या माणसाने मला माझंच काम शिकवावं, हे मला रुचलं नव्हतं. जालन्यातच एका दुकानात साध्या साटाच्या बारा डिस्क तयार होत्या. त्या उचलल्या. पेटी आणि कार्ड पुरवठादाराकडून, मॉड्यूल एकच, केबल एकच.

पेटी रॅकमध्ये चढवायला मिस्त्रीच आले. तिच्या दोन्ही पॉवर सप्लायच्या वायरी त्यांनी यूपीएसच्या दोन वेगळ्या आउटपुटवर घेतल्या आणि रॅकवर चिठ्ठी चिकटवली: आधी पेटी चालू करणे, मग सर्व्हर. कारण सर्व्हर आधी उठला तर त्याला डिस्क दिसत नाहीत. हे मी त्यांना एकदाच सांगितलं होतं.

बारा डिस्क एकत्र बांधून मी एक मोठी जागा तयार केली. रचना अशी की बारापैकी कोणत्याही दोन गेल्या तरी डेटा शाबूत. याहून जास्त काय हवं, असं मला वाटलं. या नव्या जागेचा बॅकअप मात्र हंगाम संपल्यावर बघू म्हणून सोडला.

जुलै, ऑगस्ट छान गेले. मॅडमची माणसं प्लॉटवरून कॅमेऱ्याची कार्डं घेऊन यायची, फोटो पेटीवर चढायचे, कार्ड पुसून परत प्लॉटवर जायचं. पुसायला मीच सांगितलं होतं. कार्डं मोजकीच होती. मॅडम कधी कधी माझ्या खोलीत येऊन स्क्रीनवर दोन पानं शेजारी लावून दाखवायच्या. एक वाटीसारखं मुडपलेलं, कडा तांबूस. दुसरं सपाट, हिरवंगार.

"बघा, तारीख एकच, फवारणी शून्य," त्या म्हणायच्या. इतक्या खुशीत त्या एरवी बोलत नसत.

सप्टेंबरातली ती सकाळ. साडेनऊच्या सुमाराला लाइट गेली. जनरेटर लागला, अर्ध्या तासाने लाइट परत आली. असं आमच्याकडे आठवड्यातून दोनदा होतं. कुणी मान वर करून बघतही नाही. सर्व्हर बंद पडला नाही, पेटी बंद पडली नाही. पावणेअकराच्या सुमाराला मॅडमच्या एका सहायकाचा फोन आला: फोल्डर उघडत नाही.

मी जाऊन पाहिलं. पेटीतल्या सात नंबरच्या स्लॉटचा दिवा स्थिर पेटून राहिला होता, बाकीचे वेडेवाकडे लुकलुकत होते. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हर स्वतः वेळेसकट लिहितो त्या नोंदींत, ओळींवर ओळी. सात नंबरची डिस्क एका वाचण्यावर अडकली होती. तीस सेकंदांनी सर्व्हरने ते काम रद्द केलं, डिस्क रीसेट केली, तरी उत्तर नाही. मग कार्डाने पुढचं पाऊल उचललं, अख्ख्या पेटीचाच दुवा रीसेट झाला, आणि त्या धांदलीत आणखी तीन डिस्क बाहेर पडल्या. एकूण चार. दोन गेल्या असत्या तर जागा चालत राहिली असती. चार गेल्यावर ती उभी राहणं शक्य नव्हतं.

त्या तीन डिस्कना काही झालेलं नव्हतं. दोन मिनिटांत त्या परतही आल्या. अशा वेळी हात बांधून बसायचं असतं. कशावरही काही लिहायचं नाही. प्रत्येक डिस्कच्या सुरुवातीला तिचा क्रम लिहिलेला असतो. तो शांतपणे वाचायचा, कागदावर उतरवायचा, आणि जुनीच जागा आहे त्या क्रमाने पुन्हा उभी करायला सांगायची. एक तास लागला असता. कदाचित शेवटच्या काही मिनिटांचे फोटो गेले असते, बाकी सगळं हाती लागलं असतं.

मी जुनी जागा उभी करायचा एकदा प्रयत्न केला. सर्व्हरने नकार दिला. तेवढ्यात मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आहे ना सगळं?" त्यांनी विचारलं.

"आहे मॅडम. पाच मिनिटं."

इंटरनेटवर अर्धवट वाचलेला एक उपाय मला आठवत होता. जुनी जागा उभी राहत नसेल तर त्याच डिस्कवर ती नव्याने बांधायची. क्रम बरोबर दिला आणि डिस्कवर काही लिहू दिलं नाही, तर हे कधी कधी जमून जातं. मी क्रम दिला तो डिस्कना सर्व्हरने दिलेल्या अक्षरांवरून. रीसेटनंतर परत आलेल्या डिस्कची अक्षरं बदलली होती, हे मी पाहिलंच नाही. सर्व्हरने मला बजावलं: या डिस्क आधीच एका जागेचा भाग दिसतात, पुढे जायचं का?

मी होकाराचं वाय दाबलं.

जागा तयार झाली. उघडेना. मी तिची दुरुस्ती चालवली. मागे सर्व्हर आपलं इमानाने काम करत होता: चुकीच्या क्रमाने दुरुस्तीचे आकडे मोजून ते खऱ्या डेटावर लिहीत होता, एकेका डिस्कवर, सगळ्या ताकदीने. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा पाऊण तास होऊन गेला होता. मी पेटीची वायर काढली. पंखे घरघरत थांबले.

दुपारी मोठ्या साहेबांनी बोलावलं. ते कारखाना आणि ऑफिस दोन्ही पाहायचे. संगणकातलं त्यांना फार कळत नसे आणि ते तसं कबूलही करत. मॅडम खुर्चीवर बसल्या होत्या. साहेबांनी विचारलं, "कशामुळं झालं?"

मी म्हणालो, "सकाळी लाइट गेल्ती ना साहेब. यूपीएसनं झटका दिला. पेटीतल्या डिस्क उडाल्या."

वाक्य तोंडातून इतकं सहज निघालं की जणू कुणीतरी आधीच लिहून ठेवलं होतं. साहेबांनी लगेच मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री रजिस्टर काखेत घेऊनच आले.

"साहेब, नऊ बत्तीसला गेली, नऊ तेहतीसला जनरेटर, दहा पाचला परत आली. यूपीएस एक क्षण पडला न्हाई. मी तिथंच उभा व्हतो," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आन यूपीएस पडला असता तर मंग सर्व्हर कसा चालू राह्यला? तोबी त्याच्यावरच हाय की."

प्रश्न बरोबर होता. तो विचारायला कॉम्प्युटर यावा लागत नाही, विजेची समज लागते, आणि ती त्यांच्याकडे पुरेपूर होती. मी त्यांच्याकडे न बघता साहेबांना म्हणालो, "पेटीचा पॉवर सप्लाय वेगळा असतो, साहेब. एक्सपांडर फार नाजूक असतो. व्होल्टेज थोडं जरी हललं तरी लिंक रीसेट होते. सर्व्हरला ते जाणवत न्हाई."

एक्सपांडर, लिंक, रीसेट. त्या खोलीत हे शब्द फक्त माझे होते. मिस्त्री माझ्या तोंडाकडे बघत राहिले. रजिस्टर उघडं धरलेला त्यांचा हात हळूहळू खाली आला. लॉगमध्ये डिस्क अडकल्याची वेळ होती दहा चाळीस, लाइट परत आल्यानंतर पस्तीस मिनिटांनी. त्यांच्या रजिस्टरातली वेळ आणि माझ्या लॉगमधली वेळ शेजारी ठेवली असती तर शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. माझा लॉग कुणी मागितला नाही.

पंधरा दिवसांत मिस्त्रींची बदली मंठ्याच्या गोदामावर झाली. त्यांचं गाव मंठ्याच्या बाजूलाच, म्हणून साहेबांना हे मेहेरबानी केल्यासारखंही वाटलं असावं. पण त्यांचं घर जालन्यात होतं, मुलगी जालन्यात कॉलेजला होती. ते रोज एसटीने मंठ्याला जाऊ-येऊ लागले. जायच्या आदल्या दिवशी ते माझ्या खोलीत आले. यूपीएसच्या बॅटरीचं पाणी कधी तपासायचं, ते एका कागदावर लिहून माझ्या टेबलावर ठेवलं आणि गेले. मी तेव्हाही खरं सांगितलं नाही. बोलण्याची वेळ ती होती.

डिस्क पुण्याच्या एका लॅबला पाठवल्या. त्यांनी जे परत दिलं ते न दिलेलं बरं होतं. चुकीच्या क्रमाने विणलेल्या डेटातून फोटोचा पहिला तुकडा तेवढा निघायचा. म्हणजे वरचं बोटभर पान, शिरा स्पष्ट, त्यावर तुडतुड्याचं एखादं पिल्लू, आणि खाली सगळं राखाडी. असे शेकडो. मॅडमनी ते सगळे एकेक करून पाहिले. आठवडाभर त्या ते करत होत्या. त्यांच्या हाताने लिहिलेली शेतातली वही होती, तिच्यात प्रत्येक झाडाचे गुण होते. पण कमिटीने फोटोचा पुरावा मागितला आणि वाण पुढच्या ट्रायलला जायचं एक वर्ष लांबलं. पुढच्या हंगामात पाऊस इतका झाला की तुडतुडे फारसे आलेच नाहीत. कीड नाही तर तुलना नाही. त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेल्यांनी आपली वाणं घेतली, जशी प्रत्येकजण घेतो. मॅडमचं बी कोल्ड स्टोरेजमध्ये पाकिटांत आहे. कंपनीच्या भाषेत 'राखीव'.

निरोप समारंभात त्यांनी माझे आभार मानले. "विजेपुढे आपण काय करणार," असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. मी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर नव्याने पेटी भरायची ठरली तेव्हा मी तेच दाढीवाले इंजिनिअर मागवले. या वेळी त्यांनी सांगितलं ते सगळं मी ऐकलं. सॅसच्या डिस्क, दोन मॉड्यूल, कार्डावरून दोन केबल. सर्व्हरला प्रत्येक डिस्क दोन वाटांनी दोनदा दिसते. त्या दोन्ही वाटा एकच डिस्क आहे हे त्याला नीट सांगावं लागतं. ते झाल्यावर ते म्हणाले, "आता एक केबल काढा."

"चालू असताना?"

"चालू असतानाच. नाहीतर कसं कळणार?"

एक मोठी फाइल उतरत होती. मी मागे हात घालून केबल ओढली. स्क्रीनवर आकडा क्षणभर अडखळला आणि पुन्हा चालू लागला. एकही डिस्क बाहेर पडली नाही. मी ती केबल हातात धरून तसाच उभा राहिलो. महिना थांबलो असतो तर. निदान आठवडा.

त्यांनी मागच्या वेळचा लॉग बघायला मागितला. मी जपून ठेवला होता. का, ते माझं मलाच माहीत नव्हतं. त्यांनी चष्मा चढवून वाचला आणि म्हणाले, "सात नंबर. साधी डिस्क, खराब सेक्टर. तुमी लाइटचं म्हणत होते ना? लाइटचा याच्याशी काही संबंध न्हाई."

"मला माहीत व्हतं," मी म्हणालो.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "माझं ऐकलं न्हाई, ते सोडा," ते म्हणाले. "माझं काम सांगायचं होतं. पण ज्याच्या अंगावर टाकलं, तो माणूस कुठं आहे?"

त्याच आठवड्यात मी साहेबांकडे गेलो आणि लॉगचा कागद पुढे ठेवून सगळं सांगितलं. डिस्क कोणत्या घेतल्या, कुणी काय सांगितलं होतं, वाय कुणी दाबलं. साहेबांनी कागद परत माझ्याकडे सरकवला.

"आता हे कशाला उकरता?" ते म्हणाले. "झालं ते झालं."

"मिस्त्रींचं झालेलं न्हाई साहेब."

मी ते लेखी दिलं. मला ताकीद मिळाली, पगारवाढ थांबली. मिस्त्रींना परत बोलावण्याची ऑर्डर निघाली. ती त्यांना टपालाने मिळायच्या आत मी एसटीने मंठ्याला गेलो. गोदामाच्या ओट्यावर ते एक पंखा उघडून बसले होते. मला बघून उठले नाहीत. मी उभ्या उभ्याच सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी विचारलं, "म्हंजे झालं काय व्हतं नेमकं? मला समजंल असं सांगा."

मी सांगितलं. एक केबल, एक मॉड्यूल, पलीकडे बारा डिस्क, त्यातली एक अडली आणि बाकीच्यांना घेऊन पडली.

"म्हंजे सगळा लोड एका फेजवर टाकला. आन फ्यूज एकेकट्याला न्हाई, सगळ्यांना मिळून एक."

"हो. बराबर तसंच."

"तुमी मला तवाच असं सांगायला पाह्यजे व्हतं," ते म्हणाले. पंख्याची वाइंडिंग त्यांनी बोटाने नीट दाबली. "तुमी त्या दिवशी सकाळीच माझ्याकडं आला असता ना, म्हणाला असता, मिस्त्री, माझ्या हातनं असं झालं, नोकरी जाईल, तर मी माझ्या तोंडानं म्हणलो असतो की लाइटनं झालं. माझ्यावर घेतलं असतं. पण तुमी मला साहेबासमोर खोटं पाडलं. तेबी मला कळत न्हाईत अशा शब्दांनी."

मी माफी मागितली. ते "बरं" म्हणाले. माफ केलं, असं ते म्हणाले नाहीत आणि मीही विचारलं नाही. त्यांनी चहा मागवला, तो आम्ही दोघांनी प्यायला.

त्या संध्याकाळी मॅडमना फोन केला. त्या आता मुलाकडे पुण्याला राहतात. सगळं ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मिस्त्रींना आधी सांगितलंत ना?" मी हो म्हणालो.

"मी त्यांना तेव्हा खूप बोलले होते," त्या म्हणाल्या. "जिन्यात. तुम्हाला माहीत नसेल. मला त्यांचा नंबर द्या."

वाणाबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मी नंबर दिला. त्यांनी फोन केला का, काय बोलणं झालं, हे मला ठाऊक नाही.

मिस्त्री परत आले नाहीत. ऑर्डर त्यांनी सही करून परत पाठवली, की मंठा मानवलं आहे, इथेच राहू द्यावं. मुलीचं कॉलेज संपल्यावर त्यांनी जालन्याचं घर सोडलं. आमच्या ऑफिसला आता एक नवीन माणूस आहे. चांगला आहे. लाइट गेली की जनरेटर चालू करतो, लाइट आली की बंद करतो. वेळ लिहीत नाही. ती मी लिहायला लागलो होतो. चार-सहा महिने लिहिली, मग सुटली.